सॉल्व्हर म्हणतो सोनं उणे ५५ टक्के! चूक कुठे झाली?

जास्वंद_कराड

नमस्कार मंडळी. आकडेमोडीचा धागा आहे. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी इथूनच मागे फिरावं, राग नाही.

सासऱ्यांच्या नावची जागा विकली गेली आणि आमच्या वाट्याला २० लाख आले. सध्या ते गावातल्या पतसंस्थेत साडेनऊ टक्क्यांनी ठेवलेत. मी बाहेरून एम.कॉम. करतेय आणि यंदाच्या पेपरला एफिशियंट फ्रंटियर, म्हणजे तेवढ्याच जोखमीला जास्तीत जास्त परतावा देणाऱ्या मिश्रणांचा वक्र, आणि कॅपिटल मार्केट लाइन आहे. म्हटलं पुस्तकातल्या 'अ' आणि 'ब' कंपन्या घेण्यापेक्षा घरचेच पैसे घालून बघू.

धरलेले आकडे असे. निर्देशांक फंड: अपेक्षित परतावा १२ टक्के, चढउतार (स्टँडर्ड डेव्हिएशन) २०. सोन्याचा ईटीएफ: परतावा ९, चढउतार १५. दोघांचा सहसंबंध शून्य. आधी इक्विटी ० ते १०० टक्के अशा अकरा पायऱ्या घेऊन आलेख काढला. वक्र आला अगदी पुस्तकातल्यासारखा. ३६ टक्के इक्विटी आणि ६४ टक्के सोनं या मिश्रणाचा चढउतार १२ टक्केच भरतो, म्हणजे दोन्हींपैकी कुठल्याही एकट्यापेक्षा कमी. हे वाचून माहीत होतं, पण स्वतःच्या शीटमध्ये दिसलं तेव्हा खरंच मजा वाटली.

पुढे स्पर्शबिंदू काढायला बसले, म्हणजे बिनजोखमी दरापासून काढलेली रेषा वक्राला जिथे टेकते ते मिश्रण. बिनजोखमी दर म्हणून पतसंस्थेचे ९.५ टाकले आणि एक्सेलमधल्या सॉल्व्हरला सांगितलं, (परतावा वजा ९.५) भागिले चढउतार हे जास्तीत जास्त कर. उत्तर आलं: इक्विटी १५५ टक्के, सोनं उणे ५५. `Make Unconstrained Variables Non-Negative` वर टिक केली तर इक्विटी १०० आणि सोनं ०. आमचे हे म्हणाले, "उणे सोनं म्हणजे माझी चेन विकायची का?"

प्रश्न दोन. चूक कुठे आहे? आणि ती सुधारली तर किती पैसे ठेवीत आणि किती बाहेर, हे कसं ठरवायचं? मी भित्री आहे. वर्षाला ८ टक्क्यांच्या वर चढउतार सोसणार नाही.

घाटवळण

ताई, टिक केलीत ते बरोबरच. आपल्यासारख्यांना उणे काही धरता येत नाही. पण स्पर्शबिंदूच्या भानगडीत पडताच कशाला? तुम्हीच म्हणता भित्री आहे. मग वक्राचं डावीकडचं टोक घ्या, ३६ : ६४. त्याहून कमी जोखीम त्या दोघांत मिळतच नाही. धाडसी माणसाने वक्रावर वर सरकावं, भित्र्याने टोकाला बसावं. फ्रंटियर असतो तो त्यासाठीच.

नाना_ओटा

सोनं दिवाळीपर्यंत उतरेल का? मुलीचं लग्न माघात आहे.

रेघोट्या

जास्वंदताई, शीट बरोबर आहे, सॉल्व्हर बरोबर आहे, चुकलाय तो ९.५ चा आकडा.

तुम्ही शीटला काय सांगितलंत ते बघा. सोनं ९ टक्के देतं आणि वर-खाली उड्या मारतं. पतसंस्था साडेनऊ देते आणि जागची हलत नाही. असं असेल तर शहाण्या माणसाने सोनं विकून पतसंस्थेतच ठेवलं पाहिजे, आणि शीट नेमकं तेच म्हणतेय. खोट्या विधानाला खरं उत्तर मिळालंय.

आता एक गंमत करा. ९.५ च्या जागी १० टाका. इक्विटी ९०० टक्के आणि सोनं उणे ८०० येईल. १०.०८ टाकलंत तर शीट `#DIV/0!` म्हणेल किंवा सॉल्व्हर कुठेतरी भरकटेल. १०.०८ च का? कारण तुमच्या त्या ३६ : ६४ मिश्रणाचा परतावा १०.०८ आहे, वक्राचं नाक त्या उंचीवर आहे. उभ्या अक्षावर बिनजोखमी दराची खूण करून तिथून वक्राला स्पर्शिका काढायची असते. ती खूण नाकाच्या उंचीकडे सरकायला लागली की स्पर्शबिंदू उजवीकडे पळत सुटतो आणि शेवटी हातातच येत नाही. तेव्हा शीटमध्ये असे शेकड्यांचे आकडे दिसले की आधी बिनजोखमी दराकडे बोट दाखवायचं. बहुतेक वेळा तोच फुगवलेला असतो.

बिनजोखमी म्हणजे ज्याचा दरही ठरलेला आणि परत मिळण्याचीही शंका नाही असं. आपल्याकडे त्याला सगळ्यात जवळचं म्हणजे सरकारची ९१, १८२ किंवा ३६४ दिवसांची ट्रेझरी बिलं. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून २०२१ पासून ती सामान्य माणसालाही घेता येतात. उदाहरणापुरते ६ टक्के धरू, आणि पुढे 'ठेव' म्हणेन ती हीच, पतसंस्थेतली नव्हे. सॉल्व्हरचीही गरज नाही. सहसंबंध शून्य असेल तर प्रत्येकाचं वजन 'जादा परतावा भागिले चढउताराचा वर्ग' या प्रमाणात पडतं. B मध्ये परतावा, C मध्ये चढउतार, F1 मध्ये ६ टाका:

```
D2: =(B2-$F$1)/C2^2
D3: =(B3-$F$1)/C3^2
E2: =D2/SUM(D$2:D$3)
E3: =D3/SUM(D$2:D$3)
```

इक्विटीचं ६ भागिले ४०० म्हणजे ०.०१५, सोन्याचं ३ भागिले २२५ म्हणजे ०.०१३३. त्यातून प्रमाण येतं ५३ : ४७. या मिश्रणाचा परतावा १०.५९ आणि चढउतार १२.७३. रेषेचा चढ ०.३६, म्हणजे जोखमीच्या प्रत्येक टक्क्यामागे ठेवीच्या वर ०.३६ टक्के. सहसंबंध शून्य नसेल तर मात्र हे सूत्र चालत नाही, तिथे सॉल्व्हर किंवा मॅट्रिक्स लागतो.

सभासद_क्र_११

आमची संस्था ३० वर्षं चालू आहे. एक हप्ता चुकला नाही. शहरातल्या लोकांना पतसंस्था म्हटलं की बुडालीच असं का वाटतं? संचालक रोज समोर भेटतात. सरकारी बिलवाला भेटतो का?

रेघोट्या

@सभासद, बुडेल असं कोण म्हणालं? चांगल्या पतसंस्था भरपूर आहेत. मुद्दा एवढाच की तिथल्या ठेवीला ठेव विमा नाही. बँकेतल्या ठेवीला दर ठेवीदारामागे, दर बँकेत, ५ लाखांपर्यंत आहे (२०२० च्या आधी तो १ लाखच होता). सरकार ६ देतं आणि संस्था साडेनऊ. मधले साडेतीन टक्के कोणी प्रेमापोटी देत नाही, ते तुमची संस्था ज्यांना कर्ज देते त्यांच्या जोखमीचं भाडं आहे. जोखीम घ्यायला ना नाही, पण मग तिला शीटमध्ये इक्विटी आणि सोन्याच्या रांगेत तिसरी म्हणून बसवा, बिनजोखमीच्या पाटावर नको.

आणि तिचा चढउतार मागच्या ३० वर्षांवरून काढायला जाल तर शून्य येईल. २९ वर्षं साडेनऊ आणि तिसाव्या वर्षी टाळं, हा धोका स्टँडर्ड डेव्हिएशनमध्ये दिसतच नाही. माझ्या मावशीचे पैसे एका नागरी सहकारी बँकेत अडकले होते, तिच्या पासबुकात आदल्या दिवसापर्यंत चढउतार शून्य होता.

जास्वंद_कराड

रेघोट्याकाका, १० टाकून बघितलं. ९०० आणि उणे ८००! हसू आवरेना. ६ टाकल्यावर ५३ : ४७ आलं. पण मग घाटवळण म्हणतात ते ३६ : ६४ आणि तुमचं ५३ : ४७, यातलं माझं कुठलं? मला ते दोन्ही जास्तच वाटतात. एकाचा चढउतार १२ आणि दुसऱ्याचा पावणेतेरा, मला तर ८ पाहिजे.

रेघोट्या

तीच तर खरी गोम आहे. घाटवळण यांचं म्हणणं जगात फक्त इक्विटी आणि सोनं असतं तर बिनचूक होतं. १९५२ साली मार्कोविट्झने मांडलं ते असंच होतं, वक्र काढा आणि आपापल्या सोसण्याप्रमाणे त्यावर जागा निवडा. त्यात बिनजोखमी ठेव आली की वक्रावर जागा शोधायचं कामच उरत नाही. १९५८ साली टोबिनने हे दाखवून दिलं. भित्रा असो की धाडसी, जोखमीचं मिश्रण दोघांचं एकच, ५३ : ४७. फरक पडतो तो फक्त ठेवीत किती ठेवायचं यात.

पडताळून बघा. घाटवळण यांच्या टोकाला १२ टक्के जोखमीवर १०.०८ मिळतात. त्याऐवजी ९४ टक्के पैसे ५३ : ४७ मिश्रणात आणि ६ टक्के ठेवीत ठेवा. जोखीम तीच १२, परतावा १०.३३. पाव टक्का फुकट.

आता तुमचे ८ टक्के. १२.७३ चा चढउतार ८ वर आणायचा तर ८ भागिले १२.७३, म्हणजे सुमारे ६३ टक्के मिश्रणात आणि ३७ टक्के ठेवीत. २० लाखांचे झाले ठेव ७.४३ लाख, इक्विटी ६.६६ लाख, सोनं ५.९१ लाख. अपेक्षित परतावा ८.८८ टक्के. सोनं न घेता नुसती इक्विटी आणि ठेव घेतली असती तर ८ टक्के जोखमीला ४० टक्के इक्विटी बसते आणि परतावा ८.४ येतो. म्हणजे तुमच्या रकमेवर वर्षाला साडेनऊ हजारांच्या वर फरक पडतो, जोखीम तेवढीच ठेवून.

पण ताई, एक विचारायचं राहिलं. ८ टक्के चढउतार म्हणजे जास्तीत जास्त ८ टक्के तोटा असं तर तुम्ही समजत नाही ना?

जास्वंद_कराड

...समजत होते. 🙈

रेघोट्या

वाटलंच मला. सरासरी ८.८८, तिच्या खाली दोन पावलं म्हणजे १६ टक्के, तर वर्ष जाईल उणे ७ टक्क्यांवर. तुमच्या २० लाखांत सुमारे १ लाख ४२ हजारांचा खड्डा. घंटेच्या आकाराचा आलेख धरला तर याहून वाईट वर्ष चाळीसात एखादं. बाजार मात्र घंटेपेक्षा जास्त वेळा कोसळतो. २००८ मध्ये सेन्सेक्स वर्षभरात निम्म्याहून जास्त पडला. तसं झालं तर तुमच्या ६.६६ लाखांतले सव्वातीन लाखांच्या वर एकट्या इक्विटीतून जातील. त्या वर्षी सोनं रुपयांत चढलं होतं, पण पुढच्या वेळी चढेल असा करार त्याने कुणाशी केलेला नाही.

म्हणून टक्क्यांत विचार करू नका, रुपयांत करा. दीड लाख गेलेले बघून ईटीएफ विकणार नसाल तर ८ चालेल. विकणार असाल तर ५ घ्या. मिश्रण तेच राहील, फक्त ठेव ६१ टक्क्यांवर जाईल.

किचकट

सगळं बरोबर आहे, फक्त या रेषेला कॅपिटल मार्केट लाइन म्हणू नका, परीक्षेत गुण जातील. कॅपिटल मार्केट लाइनमध्ये स्पर्शबिंदूवर बाजारातल्या सगळ्या जोखमीच्या मालमत्तांचा, बाजारभावाच्या प्रमाणातला पोर्टफोलिओ असतो, आणि सगळ्यांचे अंदाज एकसारखे असतात असं गृहीत धरलेलं असतं. शार्पचा १९६४ चा सिद्धांत तिथून निघतो. ताईंनी दोन मालमत्ता स्वतः निवडल्या, आकडे स्वतः धरले. ही नुसती कॅपिटल ॲलोकेशन लाइन. बाजाराचा पोर्टफोलिओ ५३ : ४७ असता तर देशातली निम्मी संपत्ती सोन्यात असती.

नाना_ओटा

आमच्या घरात तर आहेच निम्मी सोन्यात.

घाटवळण

रेघोट्या, पाव टक्क्याचं पटलं, माघार घेतो. ठेवीचा विचारच केला नव्हता मी. पण आता माझा एक आक्षेप. हे १२, ९, २० आणि १५ आले कुठून? तुमचं ते ५३ : ४७ दशांशापर्यंत काढलंत, पण पायाच अंदाजाचा. मी शीट करून सोन्याचा परतावा ९ ऐवजी ८ धरला तर प्रमाण ६३ : ३७ झालं. एका टक्क्याने दहा अंकांची उडी! मग याला काय अर्थ?

रेघोट्या

आक्षेप एकदम बरोबर, आणि तुम्हाला वाटतो त्याहून मोठा आहे. चढउतार २० असलेल्या मालमत्तेची २५ वर्षांची वार्षिक आकडेवारी घेतली तरी सरासरी परताव्याच्या अंदाजात २० भागिले ५, म्हणजे ४ टक्के इकडे-तिकडे होणारच. १२ आहे की ८ हे २५ वर्षांच्या आकड्यांवरून ठामपणे सांगता येत नाही. रोजचे भाव घेऊनही सुटका नाही. त्याने चढउतार नीट मोजता येतो, सरासरी नाही, तिला वर्षंच लागतात.

आता त्याचीच दुसरी बाजू. ५३ : ४७ ऐवजी आळशीपणाने सरळ ५० : ५० घ्या. परतावा १०.५, चढउतार १२.५, रेषेचा चढ ०.३६०. अचूक स्पर्शबिंदूचा होता ०.३६०६. तुमचं ६३ : ३७ माझ्या मूळ आकड्यांवर तपासलं तर ०.३५५. जास्वंदताईंच्या ८ टक्के जोखमीवर फरक किती? ८.८८ ऐवजी ८.८४. स्पर्शबिंदूच्या आसपास वक्र आणि रेषा एकमेकांना इतके चिकटून असतात की थोडं इकडे-तिकडे बसलात तरी बिघडत नाही. प्रमाण डगमगतं, पण परिणाम फारसा हलत नाही.

जिथे चुकणं महागात पडतं ते म्हणजे ठेवीत किती हे ठरवणं, आणि बिनजोखमी दर खोटा धरणं.

(अवांतर: खुद्द मार्कोविट्झने नोकरीत असताना स्वतःच्या निवृत्तीचे पैसे निम्मे शेअरमध्ये आणि निम्मे रोख्यांत घातले होते. नंतर हळहळ नको म्हणून.)

लोकल_८_१७

माझंही बघा की जरा. गृहकर्ज चालू आहे, ८.५ टक्के, बदलत्या दराचं. बोनस आणि जुनी एक पॉलिसी मिळून ४ लाख हातात आहेत. बायको म्हणते कर्जात भर, मित्र म्हणतो फंडात टाक, बारा टक्के मिळतात मग साडेआठचं कर्ज कशाला फेडतोस. मी ताईंची शीट उतरवून घेतली आणि ६ टाकून ५३ : ४७ काढलं. बरोबर ना?

रेघोट्या

नाही. तुमच्या मित्राने १२ आणि ८.५ असे दोन आकडे शेजारी ठेवले, पण एकाला चढउतार आहे आणि दुसऱ्याला नाही. कर्ज फेडलंत की ८.५ टक्के व्याज नक्की वाचतं, तेव्हा कर्ज असेपर्यंत तुमचा बिनजोखमी दर ८.५ आहे. ६ ची ठेव तुमच्यासाठी नाहीच. F1 मध्ये ८.५ टाका.

उत्तर बघून चक्रावाल. प्रमाण ८० : २० येईल, म्हणजे मिश्रण ताईंच्यापेक्षा धाडसी. पण रेषेचा चढ ०.३६ वरून ०.१८ वर येतो, म्हणून त्या मिश्रणात टाकायचा हिस्साच आक्रसतो. ठेवीबाहेर किती, याचं सूत्र असं: मिश्रणाचा जादा परतावा भागिले (भित्रेपणाचा आकडा गुणिले चढउताराचा वर्ग), टक्के दशांशात लिहून. ताईंच्या ६३ टक्क्यांतून उलटं गेलं तर त्यांचा भित्रेपणा साडेचार निघतो. तेवढाच भित्रेपणा तुमचा धरला तर सुमारे २४ टक्के मिश्रणात, बाकीचे कर्जात. ४ लाखांतले तीन वहिनींच्या म्हणण्याप्रमाणे आणि एक मित्राच्या.

दोन गोष्टी लक्षात असू द्या. कर्जात भरलेले पैसे अडीअडचणीला परत निघत नाहीत (ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं कर्ज असेल तर निघतात), तेव्हा चार-सहा महिन्यांचा खर्च आधी बाजूला काढा. आणि बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही, शाखेत कोणी मागितला तर देऊ नका.

किचकट

इथे माझं जुळत नाही. तो २४ टक्के हिस्सा माणसाच्या एकूण संपत्तीचा असतो, हातातल्या ४ लाखांचा नाही. यांचा पीएफ, घर, पुढचा पगार सगळं धरलं तर उत्तर वेगळं येईल. पीएफ मोठा असेल तर ते आधीच ठेवीत खूप बसलेत, मग चारही लाख इक्विटीत टाकले तरी चालेल.

रेघोट्या

तत्त्वतः मान्य. पण पीएफ निवृत्तीपर्यंत बांधलेला आणि कर्जाचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला. ते एका पिशवीत घालावेत की दोन, याबद्दल माझं मत दोन्हीकडे झुकतं. मी असतो तर दोन पिशव्या केल्या असत्या. तुम्ही चुकताय असं मात्र म्हणणार नाही.

तरणा_गडी

इतकं भित्रं का सगळ्यांनी व्हायचं? माझा भित्रेपणा २ धरा. सूत्रात घातला तर १४२ टक्के येतं! म्हणजे रेषेवर स्पर्शबिंदूच्या पुढे, कर्ज काढून. शेअर तारण ठेवून १० टक्क्यांनी मिळतंय. काढू का?

रेघोट्या

१४२ केव्हा येतं? तुम्हालाही सरकारसारखं ६ टक्क्यांनी कर्ज मिळालं तर. पुस्तकातली रेषा स्पर्शबिंदूच्या पलीकडे सरळ जाते ती या एका गृहीतकावर. तुम्हाला १० पडतं, म्हणून तुमची रेषा स्पर्शबिंदूवर संपते. तिथून पुढे तुम्ही वक्रावरच चालायचं, आणि घाटवळण यांचा 'धाडसी माणसाने वर सरकावं' हा नियम तिथे चक्क लागू पडतो. भित्रेपणा २ ला हिशेब ६० टक्के इक्विटी आणि ४० टक्के सोनं असा येतो. ठेव शून्य, कर्जही शून्य. परतावा १०.८, चढउतार १३.४. १० टक्क्यांचं कर्ज काढून १२ ची इक्विटी घेतलीत तर जादा दोन टक्क्यांसाठी २० चा चढउतार, चढ फक्त ०.१. त्यात भाव पडले की तारणाची रक्कम वाढवायला फोन येतो आणि नाही भरली तर तळाला विक्री होते. तो फोन आलेखावर कुठेच नसतो.

घाटवळण

चला, अर्धा तरी बरोबर ठरलो. वाचनखूण साठवली.

किचकट

आणखी एक, कराचं काय? ६ टक्क्यांच्या व्याजावर २० टक्क्यांच्या टप्प्यात सेस धरून हातात पावणेपाच उरतात. इक्विटीचा कर विकल्यावर, दीर्घ मुदतीला साडेबारा टक्के, तोही वर्षाला सव्वा लाखाच्या नफ्यापुढे. मग F1 मध्ये ६ की ४.७५? तिन्ही करानंतरचे घ्यायचे तर इक्विटीचा चढउतारही कमी धरावा लागेल, कारण तोट्यात सरकार वजावट देतं. नुसता ठेवीचा कर वजा केलात तर इक्विटीला फुकटचं झुकतं माप मिळतं.

सभासद_क्र_११

आणि पीपीएफ? ७.१ टक्के, करमुक्त, सरकारी. तोच धरा की बिनजोखमी.

रेघोट्या

दर सरकार तिमाहीला ठरवतं, वर्षाला दीड लाखाची मर्यादा आणि १५ वर्षांची मुदत. ज्याला १५ वर्षं पैसे लागणार नाहीत त्याच्यासाठी बिनजोखमी, ज्याला तिसऱ्या वर्षी लागतील त्याच्यासाठी नाही. दीड लाखापर्यंत ७.१ ची रेषा आणि पुढे ६ ची, असा मोडका आलेख काढता येईल. कराबद्दल किचकट यांचा मुद्दा बरोबर, मी तिन्ही आकडे करानंतरचे घेऊन चढउतार तसाच ठेवतो. ते शंभर टक्के चोख नाही, हे मला ठाऊक आहे.

जास्वंद_कराड

सगळ्यांचे आभार. नवीन शीट केली, तिन्ही आकडे करानंतरचे घेऊन. प्रमाण ५७ : ४३ आलं, पण ५० : ५० च करणार, हिशेब सोपा. रुपयांत विचार केला तर दीड लाख गेलेले बघवणार नाहीत असं आम्हा दोघांचंही मत पडलं, म्हणून ८ चे ५ केले. पतसंस्थेची ठेव मार्चला संपतेय, आधी मोडली तर व्याज कापतात. तेव्हा मार्चपर्यंत साडेनऊ खाऊ, सभासदसाहेब खूश. तिथले पाच लाख तिसरी रांग म्हणून ठेवायचा विचार आहे, पण चढउताराच्या रकान्यात काय टाकायचं हे अजून सुचत नाही. शून्य टाकलं की सॉल्व्हर पुन्हा सोनं विकायला काढतो.

आणि एक शेवटचं. सासूबाईंनी विचारलं, घरात ११ तोळे आहेत ते या सोन्यात मोजलेस का? मी नाही मोजले. मोजले तर ईटीएफ घ्यायलाच नको.

रेघोट्या

विकणार असाल तर मोजा, तेही घडणावळ वजा करून.

किचकट

विकणार नसाल तरी मोजा. भाव चढला-उतरला की घरची श्रीमंती बदलतेच.

नाना_ओटा

सासूबाईंना विचारून मोजा.